अण्णांचा व्हिडिओ खरा होता: पैशांवरचे माहितीपट बघताना विचारायचे तीन प्रश्न

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं बरं वाटतं त्यांच्यासाठी हा भाग लिहून काढलाय. बोलताना जी वाक्यं अर्धवट राहिली ती इथे पूर्ण केलीत, बाकी सगळं तसंच आहे.

गेले दोन-तीन महिने शहापूर आणि मुरबाडकडून एकच प्रश्न येतोय. "पैशांचं, धंद्याचं, अर्थव्यवस्थेचं काहीच कळत नाही. पुस्तक वाचायला वेळ नाही. एखादी चांगली डॉक्युमेंटरी सांगा, जी समजेल आणि ज्यात कोणी काही विकत नसेल." प्रश्न साधा वाटतो. मलाही वाटला होता. पाच नावं सांगायची आणि भाग संपवायचा, असं ठरवून बसलो होतो. मग आमच्या अण्णांची गोष्ट घडली आणि नुसती नावं सांगून भागणार नाही हे लक्षात आलं.

अण्णा म्हणजे माझे चुलते. शहापूर तालुक्यात आमची थोडी भातशेती आहे. समृद्धी महामार्गासाठी तालुक्यातल्या बऱ्याच जणांच्या जमिनी गेल्या, तशा अण्णांच्या वाट्याच्या काही गुंठ्यांचाही मोबदला आला. घर दुरुस्त केलं, मुलीचं लग्न केलं, तरी काही रक्कम उरली. ती बँकेत पडून होती, आणि "पैसा पडून राहिला की सडतो" असं सांगणारे लोक घरी यायला लागले. त्यातल्या एकाने अण्णांना मुरबाडच्या एका मंगल कार्यालयात कार्यक्रमाला नेलं. तिथे भाषण कमी झालं. मोठ्या पडद्यावर वीस-बावीस मिनिटांची फिल्म दाखवली. ड्रोनने घेतलेली शेतं, गंभीर आवाजातलं निवेदन, महागाईची आकडेवारी, बँकेच्या व्याजात महागाई कशी भागत नाही याचं बऱ्यापैकी बरोबर स्पष्टीकरण, आणि शेवटी चार शेतकऱ्यांच्या मुलाखती. योजना अशी की तीन लाख भरायचे आणि दरमहा चार टक्के, म्हणजे बारा हजार रुपये, घरी यायचे.

अण्णांनी भरले. मला कळलं तेव्हा मी म्हटलं, "अण्णा, ती जाहिरात होती हो."

ते म्हणाले, "जाहिरात कशी असंल? जाहिरात अर्ध्या मिनिटाची असते. ही डॉक्युमेंटरी होती. माणसं खरी होती, मी त्यातल्या एकाला ओळखतो."

पहिल्या महिन्यात बारा हजार आले. दुसऱ्या महिन्यात आले. तिसऱ्या महिन्यात पैशांबरोबर कॅमेराही आला. अण्णांना पडवीत बसवलं, हातात चेक दिला आणि विचारलं, "पैसे वेळेवर मिळतात का?" अण्णा म्हणाले, "मिळतात, अजून एकदाही चुकले नाय." ते फिल्मच्या पुढच्या आवृत्तीत गेलं. ती आवृत्ती व्हॉट्सॲपवर फिरली आणि ती बघून आमच्याच गावातल्या दोघांनी पैसे भरले. पाचव्या महिन्यानंतर हप्ते थांबले. सहाव्या महिन्यात ऑफिसला कुलूप.

अण्णांचे दोन लाख चाळीस हजार गेले, त्याचं दुःख आहेच. पण त्यांना झोप लागत नाही ती दुसऱ्या कारणाने. ते मला म्हणाले, "मी खोटं बोललो नाय रे. आणि तरी माझ्यामुळं दोन घरं बुडाली."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही, कारण ते खरं आहे. त्या फिल्ममध्ये अण्णा बोलले तो शब्द न् शब्द खरा होता. म्हणून आज मी तुम्हाला तीन प्रश्न देणार आहे. पैशांवरची कुठलीही फिल्म बघताना ते विचारायचे. प्रत्येक प्रश्नासोबत एक काम सांगणार आहे, जे तो प्रश्न नीट शिकवतं.

पहिला प्रश्न: पैसा कुठून येतो, हे पडद्यावर दाखवलंय का?

पैसे मिळतात हे दाखवणं सोपं आहे. चेक दाखवला की झालं. ते पैसे आले कुठून हे दाखवायला हिशोब मांडावा लागतो. तो आपण इथे मांडू.

समजा अण्णांसारख्या दहा जणांनी प्रत्येकी तीन लाख भरले. जमले तीस लाख. दरमहा चार टक्के म्हणजे दहा जणांना मिळून एक लाख वीस हजार द्यायचे. आता कंपनीने काहीच धंदा केला नाही असं धरा. ना शेती, ना व्यापार, पैसे नुसते कपाटात ठेवले. तरी त्याच तीस लाखांतून दरमहा एक लाख वीस हजार देत गेलं तर किती महिने पुरतील? पंचवीस महिने. म्हणजे दोन वर्षांहून जास्त काळ प्रत्येकाला वेळेवर हप्ता मिळेल, प्रत्येकजण कॅमेऱ्यासमोर "एकदाही चुकले नाही" असं सांगेल, आणि धंदा शून्य असेल. तुमचेच पैसे तुम्हाला थोडे थोडे करून परत मिळतायत.

आता त्या तीस लाखांतून एजंटाचं कमिशन, ऑफिसचं भाडं, मंगल कार्यालय, जेवणावळी, गाडी आणि ती फिल्म, असे पंधरा लाख गेले असं धरा. उरलेले पंधरा लाख साडेबारा महिन्यांत संपतील. त्या आधी नवीन दहा जण आणले तर नवीन तीस लाख येतात, पण दर महिन्याचं देणंही दुप्पट होतं. त्यानंतर वीस जण लागतात, मग चाळीस. ज्या दिवशी नवी माणसं मिळणं कमी होतं त्या दिवशी हप्ता थांबतो. अण्णांच्या वेळी तो पाचव्या महिन्यानंतरच थांबला, म्हणजे अण्णा रांगेत बरेच मागे उभे होते. त्यांना मिळालेले साठ हजार त्यांच्याच तीन लाखांतले असतील किंवा त्यांच्यानंतर भरलेल्या त्या दोघांचे. फायदा कोणाचाच नव्हता.

म्हणून हप्ता वेळेवर येणं हा कशाचाच पुरावा नाही. पुरावा एकच: महिन्याला चार टक्के, म्हणजे वर्षाला अठ्ठेचाळीस टक्के मिळवणारा धंदा कुठला, तो कुठे चालतो आणि त्याचा ताळेबंद कोणी तपासलाय. त्या बावीस मिनिटांत याला एक मिनिटही दिलेलं नव्हतं.

याच हिशोबाची जगातली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे बर्नार्ड मॅडॉफ. नेटफ्लिक्सवर ‘मॅडॉफ: द मॉन्स्टर ऑफ वॉल स्ट्रीट’ नावाची चार भागांची मालिका आहे, २०२३ ची. ज्यांना शेअर बाजारातलं ओ की ठो कळत नाही त्यांनाही समजावी अशी आहे. मॅडॉफला ११ डिसेंबर २००८ ला अटक झाली तेव्हा गुंतवणूकदारांच्या हातातल्या कागदांवर मिळून सुमारे ६५ अब्ज डॉलर होते. प्रत्यक्षात त्यातले बहुतेक आकडे नुसते छापलेले होते. त्याच्या ऑफिसच्या सतराव्या मजल्यावर एका जुन्या संगणकावरून खोट्या व्यवहारांची स्टेटमेंटं निघायची. लोकांचे पैसे एका बँक खात्यात यायचे आणि त्याच खात्यातून दुसऱ्या लोकांना जायचे.

या मालिकेतून दोन गोष्टी घ्या. पहिली म्हणजे हॅरी मार्कोपोलोस हा माणूस. तो स्वतः याच क्षेत्रातला. त्याने मॅडॉफचे परताव्याचे आकडे बघितले आणि थोड्याच वेळात म्हणाला की हे शक्य नाही. का? कारण बाजार वर जावो की खाली, याची रेघ मात्र सरळ वर चाललेली. शिवाय मॅडॉफ जी पद्धत वापरतो असं सांगायचा, ती एवढ्या मोठ्या रकमेवर वापरायची तर लागणारे सौदे त्या बाजारात तेवढे होतच नव्हते. म्हणजे आपण वर जे केलं तेच त्याने केलं: पैसा कुठून येतोय ते शोधलं. २००० सालापासून तो तिथल्या बाजार नियामकाला कळवत होता, पण कोणी नीट ऐकलं नाही.

दुसरी गोष्ट आपल्याला जास्त महत्त्वाची. मॅडॉफ गाजावाजा करत नव्हता. तो वर्षाला साधारण दहा-बारा टक्केच द्यायचा. उलट काहींना "सध्या नवीन पैसे घेत नाही" म्हणायचा. आपण समजतो की भडक संगीत, सोन्याचं घड्याळ, मोठी गाडी दिसली की फसवणूक आणि शांत, सभ्य आवाज असला की खरं. तसं नसतं. अण्णांच्या फिल्ममधला निवेदकही फार शांत आवाजात बोलत होता.

मालिकेची एक खोट सांगून ठेवतो. नट घेऊन पुन्हा उभी केलेली दृश्यं त्यात बरीच आहेत आणि त्यामुळे कधी कधी थरारपट बघतोय असं वाटतं. ती दृश्यं सोडून द्या. मार्कोपोलोस आणि फसलेले लोक बोलतात तिकडे लक्ष द्या.

दुसरा प्रश्न: बोलणाऱ्याला पैसे कोण देतंय?

अण्णांच्या फिल्ममध्ये एक तज्ज्ञही होते. नावाच्या पुढे पदवी, मागे पुस्तकांचं कपाट. त्यांनी महागाईबद्दल जे सांगितलं ते चुकीचं नव्हतं. पण ते त्या फिल्ममध्ये का आले आणि त्यांना काय मिळालं हे कोणी सांगितलं नाही.

हा प्रश्न विचारायला शिकवणारी फिल्म म्हणजे चार्ल्स फर्ग्युसन यांची ‘इनसाइड जॉब’, २०१० ची. २००८ चं जागतिक आर्थिक संकट कसं आलं यावर आहे आणि तिला त्या वर्षीच्या सर्वोत्कृष्ट माहितीपटाचं ऑस्कर मिळालं. पावणेदोन तासांच्या आसपासची आहे. एका बैठकीत बघू नका, दोनदा थांबून बघा.

घराच्या कर्जाचा भाग तिने इतका सोपा केलाय की आपल्याकडच्या भाषेत असा सांगता येईल. पूर्वी बँक तुम्हाला घरासाठी कर्ज द्यायची तेव्हा तुम्ही फेडाल की नाही याची काळजी बँकेलाच असायची, कारण तुम्ही बुडवलं तर ती बुडणार. पुढे अमेरिकेत काय झालं, तर कर्ज देणारा ते कर्ज लगेच दुसऱ्याला विकून मोकळा व्हायला लागला. विकत घेणाऱ्याने अशी हजारो कर्जं एकत्र बांधली आणि त्यांचे तुकडे करून जगभर विकले. आता कर्ज देणाऱ्याला फिकीर उरली नाही. जितकी जास्त कर्जं देईल तितकं त्याचं कमिशन. मग ज्याला फेडणं शक्यच नाही त्यालाही कर्ज मिळायला लागलं. ज्यांनी या तुकड्यांना ‘एकदम सुरक्षित’ असा शेरा द्यायचा त्या पतमापन संस्थांची फी, ते तुकडे विकणारेच भरत होते. परीक्षकाला फी विद्यार्थ्याने द्यायची, तसा प्रकार.

पण मला या फिल्ममधला वेगळाच भाग सांगायचाय. ती सुरू होते आइसलँड या छोट्याशा देशापासून, जिथल्या तीन मोठ्या बँका २००८ च्या ऑक्टोबरमध्ये कोसळल्या. त्याच्या दोनच वर्षं आधी, २००६ मध्ये, फ्रेडरिक मिश्किन या नामवंत अमेरिकी प्राध्यापकाने तिथली आर्थिक व्यवस्था कशी मजबूत आहे यावर अहवाल लिहिला होता. फर्ग्युसन त्यांना समोर बसवून विचारतात की या अहवालासाठी पैसे कोणी दिले. तर तिथल्या व्यापाऱ्यांच्या संघटनेने, १ लाख २४ हजार डॉलर. पुढे फर्ग्युसन दाखवून देतात की प्राध्यापकांच्या स्वतःच्या माहितीपत्रकात त्या अहवालाच्या नावातलं ‘स्थैर्य’ बदलून ‘अस्थैर्य’ झालंय. प्राध्यापक म्हणतात, टायपिंगची चूक असेल.

इथे कोणी लाच घेतली असं कोणी म्हणत नाही. अहवाल लिहून मानधन घेणं हा गुन्हा नाही. मुद्दा एवढाच की वाचणाऱ्याला ते आधी माहीत असायला हवं. या फिल्मवर इतकी चर्चा झाली की २०१२ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या अर्थतज्ज्ञांच्या संघटनेने नियम केला: संघटनेच्या नियतकालिकात लेख द्यायचा असेल तर विषयाशी संबंधित कोणाकडून पैसे घेतलेत ते सांगा.

मग आपण हा प्रश्न मोबाइलवर कसा विचारायचा? तीन जागा बघा. एक, शेवटची नामावली. तिथे ‘सौजन्य’ किंवा ‘सहकार्य’ म्हणून कोणाचं नाव आहे? दोन, सुरुवातीला कोपऱ्यात आणि खालच्या मजकुरात ‘पेड प्रमोशन’ची सूचना आहे का? तीन, आणि ही सगळ्यात भरवशाची: फिल्म संपल्यावर तुम्हाला काय करायला सांगतात? फोन नंबर, फॉर्म, ‘मर्यादित जागा’, ॲप डाउनलोड करा, एखाद्या ग्रुपला जोडले जा, असं काही आलं तर आधीची वीस मिनिटं त्या शेवटच्या अर्ध्या मिनिटासाठी बनवलेली होती. ‘इनसाइड जॉब’ संपल्यावर तुम्हाला फक्त राग येतो. विकत घ्यायला काही नसतं.

तिसरा प्रश्न: कॅमेरा परत गेला का?

आता मुरबाड तालुक्यातल्या धसईला येऊ. धसई तुम्हाला माहीत आहे. ८ नोव्हेंबर २०१६ ला नोटाबंदी झाली आणि तीन-साडेतीन आठवड्यांत, १ डिसेंबरला, तेव्हाचे अर्थमंत्री सुधीर मुनगंटीवार यांच्या उपस्थितीत धसई हे राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून जाहीर झालं. बँक ऑफ बडोदाने व्यापाऱ्यांना कार्ड स्वाइप करायची मशिनं दिली. मुंबईहून कॅमेरे आले. वडापाववाला कार्ड घेतोय, किराणावाला कार्ड घेतोय, ही दृश्यं देशभर दिसली. ती दृश्यं खरी होती. त्या दिवशी वडापाव खरोखरच कार्डावर विकला गेला.

नंतर काही पत्रकार तिथे परत गेले तेव्हा बाजार बराचसा पुन्हा रोखीवर आलेला होता. मग मथळे आले: प्रयोग फसला. ती दृश्यंही खरी होती.

हे का झालं ते कळायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. वडापाव विकणाऱ्याच्या जागी उभे राहा. कार्डाच्या प्रत्येक व्यवहारावर दुकानदाराकडून काही टक्के कापले जातात, त्याला एमडीआर म्हणतात. शिवाय मशिनचं भाडं असू शकतं, आणि धंदा दहा-बारा रुपयांच्या वस्तूचा. पैसे खात्यात जमा होतात, पण पहाटे बटाटे आणि पाव देणारा रोख मागतो. म्हणजे बँकेत जाऊन पैसे काढायचे, आणि त्यासाठी गाडा बंद ठेवायचा. त्यात नेटवर्क गेलं की गिऱ्हाईक हातात वडापाव घेऊन उभं. नोटाच मिळत नव्हत्या तोपर्यंत हा त्रास परवडत होता, कारण दुसरा पर्याय धंदा बंद ठेवण्याचा होता. नोटा परत आल्या आणि त्रास परवडेनासा झाला. दुकानदार काही मागासलेला नव्हता, त्याने हिशोब केला.

पण गोष्ट तिथेही संपत नाही. ३० डिसेंबर २०१६ ला भीम ॲप आलं, मग क्यूआर कोडचे कागद आले. १ जानेवारी २०२० पासून यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावरचा एमडीआर शून्य झाला. मशिन नको, भाडं नको, कापाकापी नको. आज मुरबाडच्या एसटी स्टँडजवळ चहा घेतलात तर काचेच्या बरणीला चिकटवलेला क्यूआर दिसेलच. ज्या कामाला मंत्री आणि मशिनं पुरी पडली नव्हती ते खर्च कमी झाल्यावर बऱ्याच अंशी आपोआप झालं. या फुकट सेवेचा खर्च शेवटी कोण सोसतंय, बँका की सरकार, हा वाद अजून चालू आहे. म्हणजे चौथ्यांदा कॅमेरा न्यावा लागेल.

आता बघा, १ डिसेंबर २०१६ ला शूट करून तिथेच थांबलेली फिल्म जाहिरात होते. काही महिन्यांनी शूट करून तिथेच थांबलेली फिल्म टर उडवणारी होते. दोन्हीत खोटं काही नाही. नवशिक्याला अर्थव्यवहार कळतो तो मात्र तिसऱ्या-चौथ्या फेरीत, जेव्हा कोणीतरी विचारतं की मधे काय बदललं.

असा परत परत जाणारा कॅमेरा बघायचा असेल तर आपल्याच महाराष्ट्रावरची एक फिल्म आहे, दीपा भाटिया यांची ‘नीरोज गेस्ट्स’, २००९ ची. जेमतेम तासाभराची. पत्रकार पी. साईनाथ विदर्भातल्या आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या घरी जातात, आणि दिग्दर्शिका त्यांच्या मागोमाग अनेक वर्षं जाते. कापसाचं अर्थकारण त्यात उलगडत जातं: बियाणं, खत, औषध यांचा खर्च वर गेला, कापसाचा भाव त्याप्रमाणे वाढला नाही, बँकेचं कर्ज मिळेना म्हणून माणूस सावकाराकडे गेला. हे कोणी फळ्यावर शिकवत नाही. एका घरातल्या वह्या, दुसऱ्या घरातली विधवा, तिसऱ्या घरातलं कर्ज, असं एकेक करून ते आपल्याला कळतं. नावाचा अर्थ असा की रोमचा राजा नीरो याने म्हणे मेजवानीत उजेडासाठी कैद्यांना जाळलं, तर साईनाथ विचारतात की नीरोचं सोडा, तिथे बसून जेवणारे पाहुणे कसे होते.

तिचीही मर्यादा आहे. ती एका माणसाच्या नजरेतून बघते. सरकारची, बँकेची बाजू तुम्हाला सविस्तर मिळत नाही. पण ती नजर कोणाची आहे हे ती लपवत नाही, पहिल्या मिनिटापासून साईनाथ समोर आहेत. आणि मला त्यातलं सगळ्यात मोठं वाटतं ते हे की ज्याचं नुकसान झालं तो माणूस त्यात मध्यभागी आहे. अण्णांच्या फिल्ममध्ये नुकसान झालेला एकही माणूस नव्हता. ज्या फिल्ममध्ये पैसा आहे पण कोणाचंच नुकसान नाही, तिथे कॅमेरा लवकर बंद केलाय असं समजा.

तर नवीन माणसाला मी क्रम असा सांगेन. आधी ‘नीरोज गेस्ट्स’, कारण माणसं आणि शेती आपल्या ओळखीची आहेत. मग मॅडॉफची मालिका, दिवसाला एक भाग. आणि शेवटी ‘इनसाइड जॉब’, कारण तिच्यात नावं आणि संस्था बऱ्याच येतात आणि तोपर्यंत तुमची नजर थोडी तयार झालेली असेल. इंग्रजी जड जात असेल तर घरातल्या कॉलेजच्या पोराला शेजारी बसवा आणि दर दहा मिनिटांनी थांबवून विचारा, "यात पैसा कोणाकडून कोणाकडे गेला?" तेवढं सांगता आलं तर फिल्म कळली.

आता अण्णांचं सांगतो. मी एका रविवारी गावी गेलो तेव्हा लॅपटॉपवर मॅडॉफचे दोन भाग त्यांना दाखवले. मी भाषांतर करत होतो. एका ठिकाणी त्यांनी थांबवायला सांगितलं. मॅडॉफ प्रकरणात पुढे न्यायालयाने नेमलेल्या विश्वस्ताने असं केलं की ज्यांनी भरले त्यापेक्षा जास्त काढले होते, त्यांच्याकडून वरची रक्कम परत मागितली, कारण ती दुसऱ्या फसलेल्यांचीच होती. हे मी सांगितल्यावर अण्णा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे मला आलेल्या साठ हजारांत त्या दोघांचे पण असतील."

मी म्हटलं, "असतील. पण अण्णा, तुम्ही भरले तीन लाख. तुम्हाला वर काहीच मिळालेलं नाही."

ते म्हणाले, "हिशोब तू केलास तो बरोबर हाय. पण व्हिडिओ माझा हाय ना?"

दुसऱ्या दिवशी ते त्या दोघांच्या घरी गेले. आजवर टाळत होते, ते गेले. तिघांनी मिळून पावत्या, बँकेची पासबुकं, व्हॉट्सॲपवरचे मेसेज आणि तो व्हिडिओ, असं सगळं एकत्र केलं आणि पोलिसांत तक्रार दिली. अशा ठेवींच्या फसवणुकीसाठी राज्यात १९९९ चा कायदा आहे, त्याला एमपीआयडी म्हणतात. त्यात आरोपीची मालमत्ता जप्त करून ठेवीदारांना पैसे वाटायची सोय आहे. वेळ लागतो, बराच लागतो, आणि सगळे पैसे मिळतील असं मी सांगणार नाही. पण तक्रार जितकी लवकर तितकी जप्त करायला मालमत्ता जागेवर सापडायची शक्यता जास्त. तुमच्याकडे असं काही झालं असेल तर लाजेपोटी थांबू नका. आणि पैसे भरायच्या आधीच शंका आली तर रिझर्व्ह बँकेची sachet.rbi.org.in ही साइट आहे, तिथे एखाद्या संस्थेला ठेवी घ्यायची परवानगी आहे का ते बघता येतं आणि तक्रारही करता येते.

तक्रार देऊन परत आल्यावर अण्णांनी मला फोन केला आणि एक काम सांगितलं. म्हणाले, "तुझ्याकडं तो माईक हाय. माझा एक नवा व्हिडिओ काढ. त्याच पडवीत, त्याच खुर्चीवर. आधी मी काय बोललो ते सांगीन, मग पुढं काय झालं ते सांगीन. ज्या ग्रुपवर पहिला गेला तिथंच टाकू."

तो आम्ही काढला. तीन मिनिटं अकरा सेकंदांचा आहे. संगीत नाही, ड्रोन नाही. मधे कोंबडा आरवतो तोही तसाच ठेवलाय. शेवटी कुठला नंबर दिलेला नाही.

पुढच्या भागात पतसंस्थेचा ताळेबंद कसा वाचायचा ते बघू. तोपर्यंत राम राम.